टीममधला माणूस दुसऱ्या कंपनीत चाललाय : शिफारसपत्र कसं लिहायचं

पारोळ्याकडचा एक एक्सट्रूडर ऑपरेटर शिफ्ट संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सर, मी जाई ऱ्हायनू. दोन ओयी लिखी द्या ना." जळगाव एमआयडीसीतल्या पाईपच्या प्लांटमध्ये मी तेव्हा नुकताच मॅनेजर झालो होतो. माणूस खरोखर चांगला होता, म्हणून दहा मिनिटांत पत्र लिहून दिलं. अत्यंत मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून मिसळून वागणारा, २०१५ पासून आमच्या कंपनीत. सही केली, शिक्का मारला.

बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. नव्या कंपनीने कागद तपासायला दिले होते. त्याच्या पीएफच्या नोंदीत आमच्या कंपनीचं नाव २०१७ पासून होतं. आधीची दोन वर्षं तो आमच्याच लाईनवर होता, पण कंत्राटदाराच्या पटावर, त्यामुळे ती वर्षं दुसऱ्याच आस्थापनेच्या नावावर दिसत होती. त्यांनी त्याला विचारलं, हे पत्र खरं आहे ना? सगळं निस्तरेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांचा पगार त्याचा बुडाला आणि चूक माझी होती.

तेव्हापासून अशी बरीच पत्रं लिहिली. पहिल्यांदाच कुणासाठी लिहायला बसलेल्या मॅनेजरने काय करावं, कशानंतर काय करावं, ते इथे मांडतो. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. आमच्याकडची एक गुणवत्ता निरीक्षक, धरणगावची मुलगी, चाकणला गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत निघाली होती.

आधी कागद वेगळे करा

जाणारा माणूस "लेटर द्या" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तीनपैकी कोणतंही असू शकतं. रिलीव्हिंग लेटर म्हणजे तुम्हाला अमुक तारखेला मोकळं केलं, एवढंच सांगणारा कागद. अनुभवपत्रात हुद्दा आणि कधीपासून कधीपर्यंत ते येतं. हे दोन्ही एचआर देतं, मॅनेजरने द्यायचे नसतात. शिफारसपत्र तुमचं असतं. या माणसाचं काम मी पाहिलंय, ते असं आहे, हे तुम्ही स्वतःच्या नावावर सांगता. ते द्यायला कुणी तुम्हाला बांधलेलं नाही, त्यामुळे "देतो" म्हणण्याआधी विचार करायला जागा आहे.

त्याला नेमकं काय हवंय ते विचारून घ्या. निम्म्या वेळा एचआरचं अनुभवपत्रच पुरेसं असतं आणि माणूस ते तुमच्याकडे मागत असतो.

लिहायचं की नाही, ते त्याच दिवशी सांगा

मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. या माणसाचं स्वतः पाहिलेलं एखादं काम मला आत्ता, रजिस्टर न उघडता आठवतं का? आठवत असेल तर मी लिहू शकतो. नसेल, तर एक तर तो माझ्या हाताखाली फार थोडे दिवस होता, किंवा मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही. मग ज्या शिफ्ट इनचार्जने त्याला जास्त पाहिलंय त्याचं नाव सुचवावं. पत्र त्याच्या सहीचं असावं.

आणि काम मनासारखं नसेल तर तोंडावर, पण शांतपणे सांगावं : "भाऊ, अनुभवपत्र एचआरकडून मिळेल, त्यात अडचण नाही. शिफारस मात्र मी नाही लिहू शकणार." अवघड जातं. पण नाईलाजाने लिहिलेलं पत्र त्याला जास्त महागात पडतं. समोरचा वाचणारा अनुभवी असतो. चार ओळींत कामाचा एकही उल्लेख नाही, नुसतं "वागणूक चांगली", हे पाहून त्याला जे कळायचं ते कळतं.

लेटरहेडचं आधी विचारून घ्या

पुष्कळ कंपन्यांत मॅनेजरला लेटरहेडवर असं पत्र द्यायची मुभा नसते, फक्त एचआरची सही चालते. त्याची लेखी परवानगी मागा, मेलवर दोन ओळी पुरतात. नाही मिळाली तर साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, हुद्दा लिहून द्या आणि पत्रात तसं म्हणा : हे मत माझं वैयक्तिक आहे. शिक्का मारू नका. साधा कागद आणि खाली खराखुरा फोन नंबर असला की वाचणाऱ्याला पुरतं.

हे सगळं नोटीस पिरिअडमध्येच उरकावं. शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो, गेटपास जमा होतो आणि मग पत्रासाठी माणसाला गेटवर ताटकळत उभं राहावं लागतं.

तारखा त्याच्या कागदांवरून घ्या, आठवणीवरून नको

आमच्याकडच्या कारखान्यांमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथे माणूस क्वचितच थेट कंपनीच्या पटावर येतो. आधी आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप, मग कंत्राटदाराकडे वर्ष-दोन वर्षं, मग कंपनीत. लाईन तीच, हजेरी त्याच गेटवर, पण कागदावर तीन वेगळ्या गोष्टी. अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराचा पीएफ कापला जात नाही, म्हणून ते वर्ष तिथे दिसतच नाही. कंत्राटदाराकडची वर्षं कंत्राटदाराच्या नावावर दिसतात. पडताळणी करणारा माणूस तुमचं पत्र आणि पीएफची नोंद शेजारी ठेवून वाचतो.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, "तुझ्या पीएफच्या खात्यात सर्व्हिस हिस्टरी आहे, तिची प्रिंट आण." पासवर्ड वगैरे मागू नये, प्रिंट तिनेच काढावी. सोबत नेमणुकीचं पत्र. दोन्ही समोर ठेवल्यावर कळलं की माझ्या डोक्यात ती "चार वर्षांपूर्वी आलेली" होती, पण त्यातले पहिले पंधरा महिने कंत्राटदाराकडचे होते. आधारवर आडनाव कसं लिहिलंय तेही तेव्हाच पाहून घ्या. इंग्रजीत लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पुन्हा प्रश्न येतो.

एक प्रसंग निवडा आणि तो तपासा

सगळं पत्र या एका गोष्टीवर उभं असतं, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पाच गुण लिहिण्यापेक्षा एक काम नीट सांगा.

तिचा प्रसंग असा होता. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपबद्दल एका शेतकऱ्याची तक्रार आली, पाईप एका बाजूने पातळ आहे म्हणून. आमच्या नोंदींत मात्र सगळं बरोबर होतं. दर मीटरचं वजन बरोबर, जाडी बरोबर. जाडी आम्ही दोन ठिकाणी मोजत होतो. ती मुलगी तेव्हा पहिल्या शिफ्टला होती. तिने लाईनवरून पाईपचा एक रिंगसारखा तुकडा कापून घेतला, मार्करने त्याचे आठ भाग केले आणि आठही ठिकाणी जाडी मोजली. एका बाजूला जाडी किमान मर्यादेच्या खाली, बरोबर समोरच्या बाजूला गरजेपेक्षा जास्त. एकीकडचं कमी दुसरीकडे भरून निघत होतं, म्हणून वजन चुकत नव्हतं.

पुढचं तिने जे केलं ते मला जास्त आवडलं. पाईपवर कंपनीचं नाव आणि साईज छापलेली ओळ असते. लाईनवर पाईप फिरत नाही, त्यामुळे छपाई कायम एकाच बाजूला येते. तिने अर्ध्या-अर्ध्या तासाने चार रिंगा कापल्या आणि छपाईची ओळ धरून पातळ जागा कुठे येते ते पाहिलं. चारही वेळा ती ओळीच्या डावीकडे, एकाच जागी. लांबीच्या दिशेने जाडी कमी-जास्त होत असती तर पाईप ओढणाऱ्या हॉल-ऑफच्या वेगावर संशय घ्यायचा. गोलाईत एकाच बाजूला कायम पातळ म्हणजे पाईपला आकार देणारा डाय मध्यावर नाही. ती शिफ्ट इनचार्जकडे गेली ते चारही रिंगा हातात घेऊनच. ऑपरेटरने डायचे सेंटरिंग बोल्ट सरकवले आणि पुढची रिंग बरोबर आली. तेव्हापासून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला आठ ठिकाणी जाडी मोजायची पद्धत आमच्याकडे पडली.

आता तपासण्याचं. पत्राचा पहिला कच्चा मसुदा मी आठवणीने लिहिला होता. त्यात "जून महिन्यात" आणि "त्यांनी डायचे सेंटरिंग दुरुस्त केले" असं होतं. लॉगबुक काढून पाहिलं तर महिना ऑगस्ट निघाला आणि बोल्ट सरकवणारा ऑपरेटर होता. तिचं काम कारण शोधण्याचं होतं. पत्रात दुरुस्ती तिच्या नावावर राहिली असती, तर चाकणच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं असतं, "कोणता बोल्ट, किती सरकवला?" आणि ती मुलगी खरं बोलून खोटी ठरली असती. श्रेय जेवढं तिचं तेवढंच लिहा. तेवढंच पुष्कळ असतं.

मसुदा झाल्यावर घटनेचा तेवढा भाग त्या माणसाला वाचून दाखवा. कौतुक दाखवायला नको, पण घटना बरोबर आहे ना ते विचारा. ती म्हणाली, "सर, चार नाही, पाच रिंगा होत्या. एक फेकली, करवत तिरकी गेली म्हणून." मी चारच ठेवल्या, कारण नोंद चारची होती.

आधी मराठीत लिहा

नव्या कंपनीला पत्र बहुधा इंग्रजीत लागतं. तरी पहिला मसुदा मराठीत करा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. इंग्रजीत लिहायला बसलं की हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर हे शब्द आपोआप कागदावर येतात, कारण ते आपण शंभर पत्रांत वाचलेले असतात. मराठीत तसं तयार काही हाताशी नसतं, त्यामुळे काय पाहिलं ते सांगावं लागतं. ते सांगून झालं की मग इंग्रजी करा, साध्या वाक्यांत.

आमचा मसुदा असा होता. नावं इथे मोकळी ठेवली आहेत.

> दिनांक : १२ मार्च २०२५
>
> प्रति,
> गुणवत्ता विभागप्रमुख,
> ____________
>
> विषय : कु. ________ यांच्याबद्दल शिफारस
>
> कु. ________ जून २०२१ पासून आमच्या जळगाव येथील प्लांटमध्ये गुणवत्ता निरीक्षक म्हणून काम करीत आहेत. ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत त्या कंत्राटदारामार्फत होत्या. १ सप्टेंबर २०२२ पासून कंपनीच्या पटावर आहेत. जानेवारी २०२३ पासून त्या थेट माझ्या हाताखाली आहेत. पुढील मजकूर त्याच काळाबद्दल आहे.
>
> ऑगस्ट २०२३ मध्ये ११० मिमी पाईपच्या जाडीबद्दल तक्रार आली. वजन व नेहमीची मापे योग्य होती. कु. ________ यांनी पाईपच्या गोलाईत आठ ठिकाणी जाडी मोजून एक बाजू पातळ असल्याचे दाखवले. छपाईची ओळ खूण धरून चार नमुने तपासले आणि दोष एकाच जागी येतो, म्हणजे तो डायच्या सेंटरिंगचा आहे, हे पुराव्यासह शिफ्ट इनचार्जपुढे मांडले. त्याप्रमाणे दुरुस्ती झाली. आठ ठिकाणी मोजण्याची पद्धत त्यानंतर आमच्या सर्व शिफ्टमध्ये लागू झाली.
>
> नोंद बरोबर असूनही वस्तू चुकीची असू शकते, हे ओळखून त्या स्वतः तपासतात. माझ्या मते त्यांची ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. नव्याने आलेल्या दोन निरीक्षकांना त्यांनी मापन शिकवले व ते दोघे आज स्वतंत्रपणे शिफ्ट सांभाळतात.
>
> त्यांचे काम पीव्हीसी पाईपच्या एक्सट्रूजनवर झाले आहे. इंजेक्शन मोल्डिंगचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना नाही. मापन व कारणशोध यांची त्यांची पद्धत पाहता त्या तो लवकर मिळवतील, असे मला वाटते.
>
> आपल्या गुणवत्ता विभागासाठी मी त्यांची शिफारस करतो. अधिक माहितीसाठी मला दूरध्वनी करावा.
>
> (सही, नाव, हुद्दा, फोन)

एका पानात बसतं. याहून मोठं करू नका.

यातल्या काही जागांबद्दल सांगतो. पहिल्या परिच्छेदातलं "त्याच काळाबद्दल" हे वाक्य मुद्दाम आहे. २०२३ च्या आधी ती कशी होती हे मला ऐकून माहीत आहे, पाहून नाही. चौथ्या परिच्छेदातली उणीव लिहायला नवे मॅनेजर घाबरतात. पण पाईपच्या कारखान्यातल्या मुलीला मोल्डिंग येत नाही, हे चाकणच्या माणसाला तिचा बायोडेटा पाहूनच कळलेलं असतं. ते तुम्ही स्वतःहून लिहिलंत की वरच्या तीन परिच्छेदांवर त्याचा विश्वास बसतो. उणीव कामाच्या व्याप्तीबद्दल असावी, स्वभावाबद्दल नको. "कधी कधी चिडतात" हे पत्रात येऊ नये. तेवढंच गंभीर असेल तर मुळात पत्रच लिहू नये.

आणि मुलीसाठी लिहिताना एकदा थांबून वाचा. मी माझी जुनी पत्रं काढून पाहिली तेव्हा मुलांच्या पत्रांत "निर्णय घेतो", "लाईन सांभाळतो" असं होतं आणि मुलींच्या पत्रांत "शांत", "नम्र", "वेळेवर येते". काम दोघांचं एकच होतं. ती पत्रं गेली, आता काही करता येत नाही. पण तेव्हापासून मसुद्यातलं नाव झाकून वाचतो : हे मुलासाठी असंच लिहिलं असतं का?

काय बाहेर जाऊ द्यायचं नाही

माणूस पाईपच्याच दुसऱ्या कंपनीत जात असेल तर जास्त जपा. कंपाऊंडमध्ये काय किती घालतो, कोणत्या डीलरची तक्रार होती, महिन्याचं रिजेक्शन किती टक्के, यातलं काहीही पत्रात नको. कौतुक करण्याच्या भरात आकडा लिहिला जातो. "रिजेक्शन इतक्यावरून इतक्यावर आणलं" हे वाचायला भारी वाटतं, पण तो आकडा कंपनीचा असतो. वरिष्ठांना विचारल्याशिवाय देऊ नका. वरच्या पत्रात बघा, एकही टक्का नाही, तरी काम दिसतं.

पगाराचा उल्लेखही नको. "का सोडून चालले" हेसुद्धा नको. ते सांगायचं की नाही ते जाणाऱ्याने ठरवावं.

फोन येईल, तयार राहा

पत्राचा फोटो आणि मसुदा स्वतःजवळ ठेवा. फोन कधीकधी दीड-दोन महिन्यांनी येतो आणि आपण काय लिहिलं होतं ते आठवत नाही. नंबर अनोळखी असेल तर आधी नाव, कंपनी विचारून घ्या आणि कंपनीच्या मेलवरून दोन ओळी पाठवायला सांगा. खरा माणूस लगेच पाठवतो.

पत्रात लिहिलंय तेवढंच बोला, हवं तर जास्त खोलात. पगार विचारला तर "एचआरशी बोला". एक प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो : "परत आली तर घ्याल का?" त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा, कारण तिथे दोन सेकंद थांबलात तरी समोरचा ते मनात नोंदवून ठेवतो.

तिच्यासाठी फोन एकविसाव्या दिवशी आला. चाकणच्या गृहस्थांनी तारखा विचारल्या नाहीत, त्या जुळल्या होत्या. त्यांनी विचारलं, "छपाईची ओळ धरून मोजायचं तिला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, "कुणीच नाही." ते म्हणाले, "आमच्याकडे ओळ नसते, पण भाग साच्याच्या कोणत्या कप्प्यातून निघाला ते सांगणारा कॅव्हिटी नंबर प्रत्येक भागावर असतो." मी म्हटलं, तो ती पहिल्याच दिवशी विचारेल.